जुन्या मोबाइलचा भाव कुठे घसरतो?

गणपती जवळ आले की मोबाइलच्या दुकानदारांच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर पाटी झळकू लागते: ‘जुना फोन आणा, ९,००० पर्यंत सूट मिळवा’. गिऱ्हाईक नऊ हजार डोक्यात धरून दुकानात जातं, हाती सहा पडतात आणि काउंटरवर बाचाबाची होते. दुकानदार लुबाडतोय असं वाटणं साहजिक आहे. पण बऱ्याच दुकानांत भाव तो ठरवतच नाही. जुने फोन घाऊक उचलणाऱ्या कंपनीचं ॲप त्याच्याकडे असतं. त्यात मॉडेल निवडायचं, फोन तपासायचा, प्रश्नांची हो-नाही उत्तरं भरायची, की आकडा येतो. फोन त्या कंपनीकडे जातो, साफसूफ आणि दुरुस्त होतो आणि दुसऱ्या कुणाला तरी विकला जातो. म्हणून तुम्ही फोन कितीला घेतला होता, याच्याशी त्या आकड्याचा संबंध जवळजवळ नसतो. पुढचा माणूस कितीला घेईल, त्यातून दुरुस्तीचा खर्च, नफा आणि फोन पडून राहण्याचा धोका वजा जाता जे उरतं, तो तुमचा भाव.

पाटीवरचे नऊ हजार मुळात दोन वेगळ्या रकमांची बेरीज असतात. एक उदाहरण घेऊ; आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत. नवा फोन २४,००० रुपयांचा. जुना तीन वर्षांचा, १२८ जीबीचा. त्या मॉडेलचा वरात वरचा भाव ६,५०० आहे आणि नव्या फोनच्या कंपनीने वर २,५०० रुपयांचा ‘एक्स्चेंज बोनस’ लावला आहे. मिळून नऊ हजार. यातला बोनस तुमच्या फोनची किंमत नव्हेच. तो नव्या मॉडेलवरची सवलत आहे आणि जुना फोन हे तिचं निमित्त. नवं मॉडेल बदललं की तो कमी होतो किंवा जातोच. कापाकापी होते ती उरलेल्या साडेसहा हजारांत.

दुकानातला मुलगा पहिलं काम करतो ते टेम्पर्ड ग्लास काढण्याचं. गिऱ्हाईक इथेच नाराज होतं, पण काचेवरची चीर संरक्षक काचेला आहे की खालच्या स्क्रीनला, हे ती काढल्याशिवाय कळत नाही. मग स्क्रीन पूर्ण पांढरी करून डाग आणि छटा बघतात. ॲमोलेड स्क्रीनवर कीबोर्डची किंवा वरच्या पट्टीची पुसट सावली कायमची बसलेली असते, ती अशी पांढऱ्यावर दिसते. उभी हिरवी रेघ असेल तर ती कुणाच्याही नजरेतून सुटत नाही. सगळ्यांत जास्त पैसे स्क्रीनपायीच कापले जातात, कारण फोनमधला बदलायला सर्वांत महाग भाग बहुधा तोच असतो. कोपऱ्यातली नखाएवढी चीरसुद्धा ‘स्क्रीन फुटलेली’ याच रकान्यात जाते. ॲपला ‘थोडीशी’ कळत नाही.

आपल्या उदाहरणात अशी एक चीर निघाली: २,००० गेले. कडांना पोचे होते: ५०० गेले. बिल आणि बॉक्स सापडले नाहीत: आणखी ४००. राहिले ३,६००. त्यात बोनसचे २,५०० मिळवले की ६,१००. नव्या फोनसाठी खिशातून १७,९०० द्यायचे.

मग आधी स्क्रीन बदलून आणली तर? हा विचार अनेकांच्या मनात येतो आणि बहुतेकदा तो तोट्याचा असतो. बाजारात स्वस्तात बसवून मिळतो तो ‘कॉपी डिस्प्ले’. त्याचे रंग फिके असतात, काच किंचित वर उचललेली असते. तपासणाऱ्याच्या हे पटकन लक्षात येतं. नव्या आयफोनमध्ये तर सेटिंगमध्येच अनोळखी सुटा भाग बसवल्याची नोंद दिसते. म्हणजे दुरुस्तीचे पैसेही गेले आणि कपातही टळली नाही. चीर आहे तशी दाखवलेली बरी.

बॅटरीचं मात्र उलट आहे. आयफोन तिची उरलेली क्षमता टक्क्यांत सांगतो आणि ती ८० च्या खाली गेली की भावावर परिणाम होतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये असा आकडा सहज दिसत नाही. तिथे बॅटरी फुगून पाठ उचलली गेली आहे का, एवढंच बघितलं जातं. मग स्पीकर, माइक, कॅमेरे, बोटाच्या ठशाचा सेन्सर आणि चार्जिंगचा सॉकेट. यातलं काही बंद असेल तर कपात ठरलेली. फोन चालूच होत नसेल तर मात्र भाव तळाला जातो, कारण त्यातलं काहीच तपासता येत नाही.

तरीही वरचे साडेसहा हजार तरी कुठून आले? ते मॉडेलच्या बाजारातल्या मागणीवर ठरतात. भारतात ऑक्टोबर २०२२ मध्ये ५जी सुरू झालं. त्यानंतर ४जी फोन कितीही जपून वापरला असला तरी त्याला गिऱ्हाईक कमी झालं. सॉफ्टवेअर अपडेट थांबले किंवा त्याच मालिकेतलं नवं मॉडेल आलं की भाव पुन्हा उतरतो. म्हणून महिनाभर आधीचा भाव धरून दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही.

लोकांची आणखी एक समजूत असते: जुना फोन दिला की जीएसटीही कमी किमतीवर लागेल. तसं होत नाही. जीएसटीच्या २७व्या नियमात नेमकं मोबाइलचंच उदाहरण दिलं आहे: २४,००० चा नवा फोन जुना घेऊन २०,००० ला दिला, तरी त्याचं मूल्य २४,००० च धरायचं. जुना फोन ही सूट नाही, ते वस्तूच्या रूपात दिलेले पैसे आहेत.

एक्स्चेंज करावं की फोन बाहेर विकावा, हे दोन आकडे सुटे विचारल्याशिवाय ठरत नाही. दुकानदाराला सरळ म्हणावं, ‘जुन्याचे किती आणि बोनस किती? आणि जुना दिलाच नाही तर नवा कितीला?’ समजा, रोखीने किंवा बँकेच्या कार्डावर नवा फोन २२,५०० ला मिळतोय आणि ओळखीतलं कुणी जुन्याचे साडेचार हजार देतंय. मग खिशातून १८,००० जातात, एक्स्चेंजपेक्षा शंभर रुपये जास्त. शंभरासाठी अनोळखी माणसाची खटपट कोण करणार! पण जुना फोन महागडा आणि चांगल्या स्थितीतला असेल, तर हा फरक हजारांत जाऊ शकतो. तिथे चार ठिकाणी भाव विचारावाच. कार्डाची सवलत आणि बोनस दोन्ही एकदम मिळतात का, हेही आधीच विचारावं. पाटीवर ते बारीक अक्षरांत असतं.

फोन देताना घरूनच रीसेट करून नेणारे बरेच जण अडकतात. गुगल खातं न काढता बटणं दाबून रीसेट केलं तर फोन सुरू होताना जुन्याच खात्याचा पासवर्ड मागतो, आणि तो आठवला नाही तर कंपनी फोन घेत नाही. आयफोनमध्ये ‘फाइंड माय’ बंद न केल्यास तेच. म्हणून आधी बॅकअप, मग खातं काढणं, मग सेटिंगमधून रीसेट. आणि तेही तपासणी होऊन भाव मान्य झाल्यावर. सिम आणि मेमरी कार्ड काढायला विसरू नये.

दुकानदार *#06# दाबून पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक बघतो आणि बॉक्सवरच्या क्रमांकाशी ताडतो. चोरीचा फोन गळ्यात पडू नये म्हणून ही त्याची खबरदारी. तुम्हीही तोच क्रमांक, तारीख आणि जुन्याची किंमत लिहिलेली पावती मागून घ्या. उद्या तो फोन कुणी गैरकामाला वापरला, तर तो त्या दिवसापासून तुमच्याकडे नव्हता हे दाखवायला तेवढा कागद लागतो.