टॅरो कडक, ओरॅकल गोड

जोडीदाराबद्दल प्रश्न विचारून तीन पत्ते मांडले. त्याच्या वागण्याच्या जागी ‘सेव्हन ऑफ स्वोर्ड्स’, त्याच्या परिणामाच्या जागी ‘थ्री ऑफ स्वोर्ड्स’ आणि पुढच्या वाटेच्या जागी ‘एट ऑफ कप्स’ आला. पहिल्या चित्रात एक माणूस पाच तलवारी कवेत घेऊन चवड्यांवर पळतोय आणि मागे वळून छावणीकडे बघतोय. दुसऱ्यात पावसात तीन तलवारींनी भोसकलेलं हृदय. तिसऱ्यात कुणीतरी आठ पेले मागे टाकून रात्रीचं निघून चाललंय. लपवाछपवी, दुखावलेपण, निघून जाणं असा या तिन्हींचा रूढ अर्थ. मग शेवटी ओरॅकलच्या गड्डीतून एक पत्ता काढला जातो आणि त्यावर येतं: ‘क्षमा’. प्रश्न विचारणारीचा जीव भांड्यात पडतो.

इथेच घोळ होतो. टॅरोची गड्डी 78 पत्त्यांची. तिची रचना ठरलेली आहे आणि तिच्यात सुखाइतकीच मोडतोडही चितारलेली आहे. वरची चित्रं पामेला कोलमन स्मिथ हिने काढली. तो संच 1909 मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. ओरॅकलला असा साचा नाही. पत्ते किती आणि मजकूर कोणता, हे बनवणारा ठरवतो. डोरीन व्हर्च्यू हिच्या एकेकाळी अतिशय गाजलेल्या देवदूतांच्या संचांत बहुधा 44 पत्ते असत आणि भीती वाटेल असं काही त्यांत मुद्दामच ठेवलेलं नसे. (2017 मध्ये ख्रिस्ती धर्माकडे वळल्यावर तिने स्वतःच या पत्त्यांकडे पाठ फिरवली, हे वेगळंच.)

अशा गड्डीतून कडू पत्ता निघणार तरी कुठून? म्हणून कसलेला रीडर आधी संपूर्ण गड्डी उलटून पाहतो. ‘इथून निघ’ असं सांगणारा एकही पत्ता तिच्यात नसेल, तर ‘क्षमा’ आल्याने जोडीदार सुधारल्याचं काहीच सिद्ध होत नाही. तीन कडक पत्त्यांचा निकाल तो फिरवू शकत नाही. तो विचारणारीशी बोलतोय असं धरून वाचलं, तर वरच्या मांडणीशी त्याचा मेळ बसतो: इतके दिवस दिसत असूनही गप्प राहिल्याबद्दल ती स्वतःला कोसत असेल, तर ते थांबव. ‘त्याला माफ करून परत जा’ हा अर्थ पत्त्यावर छापलेला नसतो, तो इच्छेतून येतो.

गोड मजकूर आपल्यालाच लागू वाटण्याचं कारण मानसशास्त्राला ठाऊक आहे. 1948 मध्ये बर्ट्रम फोरर यांनी विद्यार्थ्यांना ‘तुमचं व्यक्तिचित्र’ म्हणून एकच मोघम मजकूर वाटला. त्यांनी अचूकतेला पाचपैकी सरासरी चारहून जास्त गुण दिले! टॅरोही यातून सुटत नाही. जोडीदार खरंच काय करतोय, हे दोन्ही गड्ड्यांना सारखंच ठाऊक नसतं.

म्हणून काही रीडर पत्ते पिसण्याआधीच ओरॅकलचा प्रश्न कागदावर लिहून घेतात: ‘हे ऐकल्यावर मी स्वतःला कसं सांभाळू?’ ‘तो बदलेल का?’ हा प्रश्न त्या गड्डीला विचारतच नाहीत. पत्ता आवडला नाही म्हणून दुसरा ओढायचा नाही, हेही तेव्हाच ठरतं.