स्कोलिओसिस : एक्स-रेवरचा 'कॉब अँगल' कसा मोजतात? ब्रेस की ऑपरेशन, हे त्यावरून कसं ठरतं?

मुलीचा एक खांदा वर दिसतो, वाकल्यावर पाठीची एक बाजू उंच दिसते. डॉक्टर एक्स-रे काढायला सांगतात आणि रिपोर्टमध्ये एक आकडा येतो, 'कॉब अँगल २८ अंश'. हा आकडा नेमका काय सांगतो?

पाठीचा कणा बाजूला झुकतो आणि त्याचबरोबर पिळलाही जातो, त्याला स्कोलिओसिस म्हणतात. हा बाक अंशांत मोजण्याची पद्धत न्यूयॉर्कचे हाडांचे डॉक्टर जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये मांडली. आजही जगभर तीच वापरली जाते. कोन १० अंश किंवा त्याहून जास्त असेल तरच त्याला स्कोलिओसिस म्हटलं जातं.

कोन कसा मोजतात?

एक्स-रे उभं राहूनच काढावा लागतो. झोपल्यावर कण्यावरचा शरीराचा भार जातो आणि बाक प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. त्यामुळे आधीचा एक्स-रे झोपून आणि नंतरचा उभं राहून काढला असेल, तर बाक वाढला नसतानाही वाढल्यासारखा वाटू शकतो.

फिल्मवर बाकाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला सर्वांत जास्त तिरका झालेला मणका शोधतात. वरच्या मणक्याच्या वरच्या कडेला एक रेघ आणि खालच्या मणक्याच्या खालच्या कडेला दुसरी रेघ मारतात. या दोन रेघांमधला कोन म्हणजे कॉब अँगल.

यात एक अडचण आहे. तोच एक्स-रे दोन डॉक्टरांनी मोजला, तर उत्तरात ५ अंशांपर्यंत फरक पडू शकतो. टोकाचा मणका वेगळा निवडला तरी कोन बदलतो. म्हणून दोन एक्स-रेंची तुलना करताना दोन्हींवर तेच मणके धरतात आणि साधारण ५ अंशांहून कमी फरकाला 'बाक वाढला' असं लगेच म्हणत नाहीत.

एक उदाहरण

समजा, १२ वर्षांच्या एका मुलीचा कोन १८ अंश आहे आणि तिची पाळी अजून सुरू झालेली नाही. या टप्प्यावर सहसा फक्त लक्ष ठेवतात. सहा महिन्यांनी कोन २१ येतो. घरचे घाबरतात, पण ३ अंशांचा फरक मोजण्यातलाही असू शकतो. पुढच्या सहा महिन्यांनी कोन २८ येतो. पहिल्या एक्स-रेपासून १० अंश वाढ झाली आहे. आता बाक खरोखर वाढतोय आणि मुलीची उंचीही अजून वाढायची आहे. इथे ब्रेसचा सल्ला दिला जातो.

आता १६ वर्षांची दुसरी मुलगी घ्या. तिचाही कोन २८ अंशच आहे, पण पाळी सुरू होऊन तीन वर्षं झालीत आणि उंची वाढणं थांबलंय. तिला बहुतेक वेळा ब्रेस देत नाहीत, कारण ब्रेसचं काम वाढीच्या काळात बाक रोखणं हे आहे. वाढ किती उरली आहे, याचा अंदाज त्याच एक्स-रेत कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवरूनही येतो. तिथे नवीन हाडाची पट्टी किती तयार झाली आहे, हे ० ते ५ अशा 'रिसर' श्रेणीत लिहितात. ० म्हणजे वाढ बरीच बाकी, ५ म्हणजे वाढ पूर्ण.

ब्रेसने काय होतं?

वाढत्या वयात कोन साधारण २५ ते ४० अंशांच्या दरम्यान असेल, तर ब्रेस सुचवतात. अमेरिका आणि कॅनडात झालेला एक मोठा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. वाढ पूर्ण होईपर्यंत ज्यांचा कोन ५० अंशांच्या खाली राहिला, त्यांचं प्रमाण ब्रेस घालणाऱ्यांमध्ये ७२ टक्के होतं आणि फक्त लक्ष ठेवलेल्यांमध्ये ४८ टक्के. रोज सरासरी १३ तासांपेक्षा जास्त ब्रेस घालणाऱ्यांमध्ये यशाचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर गेलं.

म्हणजे ब्रेस कपाटात राहिला तर त्याचा उपयोग नाही. आणि ब्रेसने कणा कायमचा सरळ होईल, अशी अपेक्षाही ठेवू नये. २८ चा कोन ३० वर थांबला, तरी ते यशच.

५० अंशांनाच एवढं महत्त्व का?

कारण वाढ थांबल्यावर ३० अंशांपेक्षा लहान बाक बहुधा तिथेच राहतात. ५० च्या पुढचे बाक मात्र मोठेपणीही हळूहळू, अनेकदा वर्षाला साधारण १ अंश वाढत राहतात. म्हणून ४५-५० अंशांच्या पुढे ऑपरेशनचा विचार होतो. त्यात स्क्रू आणि सळ्या बसवून बाकातले मणके एकमेकांशी जोडतात. बाक बराच कमी होतो, पण तेवढ्या भागाची हालचाल कायमची थांबते.

तरीही हा एकटा आकडा निर्णय देत नाही. साध्या एक्स-रेवरचा कोन कण्याचा पीळ मोजत नाही. त्यामुळे कोन सारखाच असला, तरी एका मुलीच्या पाठीवरचा उंचवटा दुसरीपेक्षा जास्त दिसू शकतो. म्हणून रिपोर्ट हातात आल्यावर डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत : मागच्या वेळी हेच मणके धरून मोजलं होतं का? फरक ५ अंशांहून जास्त आहे का? आणि वाढ अजून किती बाकी आहे? जुने एक्स-रे जपून ठेवावेत, कारण त्यांच्याशिवाय पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळत नाहीत.