आधी गार पाणी, मग सोडा, शेवटी लिंबू

बऱ्याच मराठी घरांत अंड्याचा तवा वेगळा असतो. त्याची घासणीही वेगळी, आणि ज्या कपात ऑम्लेटसाठी अंडं फेटलं त्यात दुसऱ्या दिवशी कुणी चहा दिला, तर घरात बोलाचाली ठरलेली. यामागे जुने रिवाज आहेत, तसाच अनुभवही आहे. चांगलं दोनदा घासलेलं भांडंही नाकाशी नेलं की हिमूस वास मारतं. घासणाऱ्याने कष्टात कसूर केलेली नसते. बहुतेक वेळा चुकतो तो क्रम, आणि पहिली चूक असते गरम पाण्याची.

तेलकट भांड्याला गरम पाणी, हे आपल्या हाताला इतकं सवयीचं असतं की अंड्याच्या भांड्यालाही आपण तेच देतो. पण अंड्याचा पांढरा बलक म्हणजे पाण्यात विरघळलेली प्रथिनं. त्यांतली काही साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे गोठू लागतात आणि ८० अंशांच्या आसपास जवळजवळ सगळीच घट्ट होतात. फेटलेल्या अंड्याच्या वाटीत कढत पाणी ओतलं की कडेला पांढरे तंतू धरलेले दिसतात. वाटीतच अंडं शिजू लागलेलं असतं. हा पातळ थर काठाच्या घडीत, गाळणीच्या जाळीत, काटाचमच्याच्या दातांमध्ये बसतो. त्यात बलकाची चरबीही अडकते आणि वास तिथेच मुक्काम करतो. म्हणून कच्चं अंडं लागलेलं भांडं आधी नळाच्या गार पाण्याने, बोटांनी चोळून विसळायचं. निथळणारं पाणी बुळबुळीत लागेनासं झालं की मग साबण आणि कोमट पाणी.

खुद्द वास येतो तो गंधकाचा. अंड्यातल्या प्रथिनांमध्ये गंधक असतं आणि उष्णता मिळाली की त्यातून हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू सुटतो. माणसाचं नाक त्याच्या बाबतीत फार तिखट आहे. हवेच्या अब्ज भागांत या वायूचे मोजके भाग असले तरी ते ओळखतं. अंडं जितकं जास्त उकळलं जातं, तितका वायू जास्त. अंडं जुनं असेल तर आणखी, कारण ठेवणीत पांढरा बलक अधिकाधिक अल्कधर्मी होत जातो. उकडलेल्या अंड्यात पिवळ्याभोवती दिसणारी हिरवट-राखाडी कड हीच गोष्ट सांगते: पांढऱ्यातलं गंधक आणि पिवळ्यातलं लोह एकत्र आलेलं असतं. अंडी दहा-बारा मिनिटांत उतरवून लगेच गार पाण्यात टाकली, तर कडही कमी दिसते आणि वासही.

आता लिंबाकडे येऊ. मासळीच्या वासावर लिंबू लागू पडतं, कारण मासळीचा वास अल्कधर्मी पदार्थांचा असतो आणि आम्ल त्यांना मारतं. अंड्याचं उलट आहे. हायड्रोजन सल्फाइड स्वतःच सौम्य आम्ल असल्यामुळे लिंबू किंवा व्हिनेगर त्याला बांधून ठेवत नाही. शिवाय आम्लाने प्रथिनंही गोठतात, म्हणजे गरम पाण्याचीच चूक वेगळ्या वाटेने होते. सोड्याच्या पाण्यात मात्र या वायूचा बराचसा भाग विरघळलेल्या रूपात अडकतो, हवेत येत नाही, आणि पाण्याबरोबर वाहून जातो. चुलीच्या दिवसांत काथ्याने राख लावून भांडी घासत, ती राखही अल्कधर्मीच होती.

अंड्याचं खरं दुखणं निघतं ते स्टीलच्या तव्यावर किंवा कढईत. समजा, भुर्जी करताना गॅस मोठा राहिला आणि कढईच्या तळाला तपकिरी पापुद्रा धरला. कढई तापलेली असतानाच तिच्यावर गार पाणी ओतू नये. पातळ स्टीलचा तळ वाकतो आणि मग ती शेगडीवर डुगडुगते. हाताला सोसेल इतकी निवू द्यावी. मग गार पाणी आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घालून वीस मिनिटं ठेवून द्यावी. एवढ्यात वरचा मऊ थर फुगतो आणि लाकडी उलथन्याने सुटून येतो. खाली जो पातळ, करकरीत थर उरतो, त्याच्यासाठी सोडा. कढईत अर्धा लिटर पाणी आणि एक मोठा चमचा खाण्याचा सोडा घालून मंद आचेवर आठ-दहा मिनिटं उकळी येऊ द्यावी. पाणी पिवळट होतं, कडेने पापुद्र्याचे तुकडे उचलले जातात. प्रथिन आता पुरतं शिजलेलं असल्यामुळे इथे उष्णतेची भीती उरत नाही. उलट अल्क आणि उष्णता मिळून त्याची धातूवरची पकड सैल करतात. गार झाल्यावर लाकडी उलथनं तळावरून फिरवावं. तरीही एखादा डाग राहिलाच, तर सोडा पाण्यात कालवून त्याचा लेप पंधरा मिनिटं ठेवावा आणि नरम घासणीने स्टीलच्या रेघांच्या दिशेने घासावं.

या क्षणी तारेची घासणी हाताशी येते, पण ती टाळलेली बरी. तिच्या ओरखड्यांत पुढचं अंडं आणखी घट्ट बसतं.

लिंबाची किंवा व्हिनेगरची पाळी येते ती अगदी शेवटी. सोड्याच्या किंवा जड पाण्याच्या पांढुरक्या खुणा आणि स्टीलवर उमटलेली इंद्रधनुषी झाक आम्लाने लगेच जाते. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस काढण्यात मात्र काही साधत नाही. दोघं एकमेकांना निकामी करतात. ही सोड्याची उकळी फक्त स्टीलसाठी आहे. ॲल्युमिनियम आणि हिंडालियम सोड्याने काळवंडतं, आणि बिडाच्या तव्यावर मुरलेला तेलाचा थर निघून जातो.

हातांचं गणित सोपं आहे: गार पाण्याखाली चोळणं, मग साबण. वास राहतो तो नखांच्या कडांमध्ये आणि अंगठीखाली, म्हणून तिथे बोट फिरवलंच पाहिजे. उरलेल्या वासाला ओल्या तळव्यावर चिमूटभर सोडा किंवा चमचाभर बेसन चोळावं. बेसन चरबी ओढून घेतं आणि कातडी कोरडी करत नाही. रोज अंडी हाताळणाऱ्यांनी सोड्याऐवजी तेच वापरावं.

डब्यांत सगळ्यात हट्टी प्लॅस्टिकचा. त्यात बलकाची चरबी मुरते. झाकणातली रबरी रिंग काढून वेगळी धुतली नाही, तर बाकीचं धुणं फुकट जातं. कोमट पाण्यात दोन चमचे सोडा घालून डबा आणि रिंग रात्रभर बुडवून ठेवावी, सकाळी साबणाने धुऊन झाकण उघडं ठेवून उन्हात वाळवावी. दोनदा असं करूनही वास राहिला, तर तो डबा अंड्यासाठीच ठेवावा. मुलांच्या डब्यात उकडलेली अंडी द्यायची असतील, तर ती पूर्ण गार झाल्यावरच झाकण लावावं. गरम अंड्यातून सुटणारी वाफ आणि वायू बंद डब्यात कोंडतात, आणि मधल्या सुट्टीत झाकण उघडताच आख्ख्या बाकाला कळतं.

आणि भांडी स्वच्छ असूनही मोरीजवळ वास येत राहिला, तर घासणी हुंगून पाहावी. तिच्या भोकांत अडकलेलं अंडं पुढच्या प्रत्येक ताटाला वास लावत असतं. तीही आधी गार पाण्यात पिळून, मग सोड्याच्या पाण्यात बुडवून, कोरडी होईल अशी टांगावी.