मृत व्यक्तीचा लॉकर उघडताना

घरातला माणूस गेला की काही दिवसांनी कपाटात लॉकरची किल्ली सापडते. मग कोणीतरी सुचवते, बँकेला अजून कळवलेले नाही, तोवर जाऊन दागिने घेऊन येऊ. हेतू वाईट नसतो, तरीही हे करू नये. लॉकर चालवण्याचे अधिकारपत्र पत्नीला किंवा मुलाला दिलेले असले, तरी देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर तो अधिकार संपतो. बँकेच्या नोंदीत मात्र त्या भेटीची तारीख आणि वेळ कायम राहते. पुढे भावंडांत वाद झाला तर त्या दिवशी लॉकरमधून काय बाहेर गेले, हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. प्रामाणिकपणे दागिने आणणाऱ्यावरही संशय राहतो तो राहतोच. लॉकर दोघांच्या नावावर असेल आणि करारात ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेली व्यक्ती’ अशी अट असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे हयात व्यक्तीला मृत्यूचा दाखला देऊन लॉकर चालवता येतो. बाकी सर्वांनी आधी बँकेत अर्ज द्यावा.

पुढचा रस्ता नॉमिनी आहे की नाही यावर ठरतो. नॉमिनी असेल तर मृत्यूचा दाखला, स्वतःची ओळखपत्रे आणि दाव्याचा अर्ज इतके सहसा पुरते. न्यायालयाचा मनाई आदेश किंवा वाद नसेल, तर बँकेने वारसाहक्काचे दाखले मागण्याचे कारण नाही. पण नॉमिनी हा मालक नव्हे. लॉकरमधल्या वस्तू त्याच्या हाती येतात त्या सर्व वारसांच्या वतीने, विश्वस्त म्हणून. बँकेनेही त्याला हे स्पष्ट सांगायचे असते.

नॉमिनी नसेल तेव्हा खरी कसोटी लागते. समजा, नाशिकच्या एका निवृत्त शिक्षकांचा लॉकर त्यांच्या एकट्याच्या नावावर होता आणि नॉमिनीचा रकाना कोरा राहिला होता. मागे पत्नी, पुण्यातला मुलगा आणि नागपूरला दिलेली मुलगी. मुलाने अर्जात तिघांची नावे लिहिली. बँकेच्या अधिकाऱ्याने विचारले, “तुमची आजी हयात आहे का?” आजी होती, धाकट्या काकांकडे गावी. हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 प्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाची आई ही पत्नी आणि मुलांच्या बरोबरीने पहिल्या वर्गातली वारस असते. म्हणजे वारस तीन नव्हेत, चार, आणि प्रत्येकाचा वाटा सारखा. आईचे नाव गळणे आणि लग्न झालेल्या मुलीला विचारातच न घेणे, या दोन चुकांमुळे अनेक अर्ज परत येतात.

या कुटुंबाने मग चौघांची नावे घातली. दाव्याच्या अर्जासोबत मृत्यूचा दाखला, ओळखपत्रे, आजीचे आणि मुलीचे ना-हरकत पत्र आणि कुटुंबाला चांगल्या ओळखणाऱ्या पण वारस नसलेल्या एका गृहस्थांचे वारसांविषयीचे प्रतिज्ञापत्र दिले. वारसांत एकमत असेल तर बँक अशा कागदांवर दावा मान्य करू शकते. एकमत नसेल तर न्यायालयात जावे लागते. महाराष्ट्रात 1827 च्या मुंबई विनियम 8 खाली दिवाणी न्यायालय वारस दाखला देते, पण त्याला वेळ लागतो.

रिझर्व्ह बँकेने 26 सप्टेंबर 2025 रोजी मृत ग्राहकांच्या दाव्यांविषयी निर्देश काढले आणि ते 31 मार्च 2026 पर्यंत लागू करण्यास बँकांना सांगितले. त्यानुसार सर्व कागद मिळाल्यापासून 15 दिवसांत बँकेने दाव्यावर कार्यवाही करून लॉकरमधल्या वस्तूंची यादी करण्याचा दिवस ठरवण्यासाठी वारसांशी संपर्क साधायचा आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला, तर दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते. म्हणून कागद दिल्याची तारीख घातलेली पोच अवश्य घ्यावी. दिवस मोजायचे ते त्या पोचेपासून.

ठरलेल्या दिवशी बँकेचा अधिकारी, दावेदार आणि साक्षीदार यांच्यासमोर लॉकर उघडतात. बँकेची मास्टर किल्ली आणि ग्राहकाची किल्ली, दोन्ही लावल्याशिवाय तो उघडत नाही. ग्राहकाची किल्ली हरवली असेल तर कारागीर बोलावून लॉकर फोडावा लागतो आणि तो खर्च सहसा कुटुंबावर पडतो. किल्लीने उघडला की फोडून उघडला, हेही यादीच्या नमुन्यात लिहायचे असते.

बँकिंग नियमन कायद्याच्या कलम 45झेडई मध्ये या यादीची तरतूद आहे. नॉमिनीला वस्तू नेऊ देण्यापूर्वी बँकेने यादी केलीच पाहिजे. नमुना साधा असतो: अनुक्रमांक, वस्तूचे वर्णन, ओळखीच्या इतर खुणा. बँकेचा अधिकारी सराफ नसतो, त्यामुळे ‘पिवळ्या धातूच्या बांगड्या, नग 4’ एवढेच लिहिले गेले तर त्यात गैर काही नाही. मात्र अशा चार बांगड्या पुढे बदलल्या गेल्या तर ओळखणार कशा? म्हणून खुणांचा रकाना रिकामा सोडू नका. शिक्षकांच्या कुटुंबाने लिहून घेतले ते असे: ‘पाटल्या, नग 2, आतल्या बाजूला सराफाचा शिक्का, एकीचा पेच सैल’, ‘ठुशी, नग 1, मागचा गोंडा लाल’. अलीकडच्या दागिन्यावर हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी कोरलेला असतो. भिंगातून वाचून तोही उतरवून घ्यावा. वजन आणि किंमत लिहिणे बँकेवर बंधनकारक नाही. वारसांना ते हवे असेल तर सर्वांच्या संमतीने नंतर सराफाकडे वजन करावे आणि त्या चिठ्ठीवर सर्वांच्या सह्या घ्याव्यात.

इथे एक खाचखळगा आहे. लॉकरमध्ये बंद किंवा सीलबंद पाकीट निघाले तर ते उघडण्याचे बंधन बँकेवर नाही. यादीत ‘बंद पाकीट, नग 1’ एवढीच नोंद होते. त्यात नाणी होती की पावत्या, हा प्रश्न मग घरी उभा राहतो. सगळे वारस आणि साक्षीदार हजर असतानाच ते उघडून आतल्या वस्तू नोंदवाव्यात, अशी विनंती करावी. मृत्युपत्र निघाले तर त्याची तारीख, पाने आणि सह्या यादीत लिहून घ्याव्यात, कारण त्याने वाटणीचे सगळे गणित बदलू शकते.

यादीने मालकी ठरत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवे. शिक्षकांच्या लॉकरमधल्या पाटल्या त्यांच्या पत्नीला माहेरहून मिळालेल्या होत्या. ते तिचे स्त्रीधन. नवऱ्याच्या लॉकरमध्ये ठेवले म्हणून ते त्याच्या मालमत्तेत जात नाही आणि त्याची चौघांत वाटणी होत नाही. नेमके वर्णन असल्यामुळे जुन्या फोटोंशी ताडून त्या पाटल्या वेगळ्या काढता आल्या.

शेवटी सर्वांच्या सह्या होतात. वस्तू मिळाल्याची आणि लॉकर रिकामा झाल्याची लेखी कबुली बँक घेते. तोच लॉकर पुढे ठेवायचा असेल तर बँकेच्या संमतीने नव्या नावाने नवा करार करता येतो. यादीची प्रत मागून घ्या, ती सगळ्या वारसांना द्या आणि सही करण्यापूर्वी एकेक ओळ समोरच्या वस्तूशी ताडून पाहा. सही झाल्यावर यादीत नसलेली वस्तू लॉकरमध्ये होती, हे सिद्ध करणे फार अवघड जाते.