एकवीस पत्री, ब्रॅम्प्टन आणि आपला देवदार

भाद्रपद जवळ आला की चंदीगडच्या मराठी घरांत एक प्रश्न ठरलेला असतो. मुलगी ब्रॅम्प्टनला, गणपती तिथेच बसवायचा आणि एकवीस पत्री काही मिळत नाहीत. मग कोणीतरी जाणकार फोनवर ठणकावतात, "पत्री पुरी नसेल तर पूजा फळत नाही, उलट दोष लागतो." हे वाक्य ऐकून कान किटले आहेत. ज्या शास्त्राच्या नावाने ते फेकलं जातं, त्या शास्त्राने या प्रश्नाचा निकाल केव्हाच लावलेला आहे.

जैमिनींच्या मीमांसासूत्रांत सहाव्या अध्यायाचा तिसरा पाद याच विषयावर आहे. त्यातला शब्द 'प्रतिनिधी'. साळीचा तांदूळ मिळाला नाही तर नीवार, म्हणजे रानचा देवभात, घ्यावा. सोम मिळाला नाही तर पूतिका घ्यावी. कर्म सोडू नये. बदली कशाला नाही तेही तिथेच सांगितलं आहे: देवता, अग्नी, मंत्र आणि प्रत्यक्ष क्रिया. द्रव्य बदलता येतं. अट एवढीच की बदली वस्तू मूळ वस्तूच्या जवळची असावी आणि त्या कर्मात निषिद्ध नसावी.

सूत्रं दूरची वाटत असतील तर सत्यनारायणाची पोथी उघडा. प्रसादाला गव्हाचं पीठ सांगून पुढे लगेच म्हटलं आहे की ते नसेल तर तांदळाचं चालेल, साखर नसेल तर गूळ. दर पूजेला हे वाचलं जातं, पण शिऱ्याच्या वासात ऐकतो कोण!

आणि पुरी पत्री म्हणजे तरी काय? यादीत देवदार आहे. देवदार हे पश्चिम हिमालयातलं झाड. आम्हाला चंदीगडहून शिमल्याच्या वाटेवर ते दिसतं, पण सह्याद्रीत ते रानात उगवत नाही. पुण्याच्या मंडईत पत्रीचा वाटा घेणाऱ्याने त्यात देवदार कधी शोधून पाहावा. म्हणजे परदेशाची गोष्ट राहू द्या, खुद्द महाराष्ट्रातही यादी शब्दशः पुरी होणं कठीणच आहे.

ब्रॅम्प्टनच्या घरी प्रत्यक्षात असं करता येतं. कुंडीतली तुळस असते, आणि तेवढी पुरते. वर्षभर गणपतीला न वाहिली जाणारी तुळस या पत्रीपूजेत आहेच. डाळिंबाचं रोप कोणाकडे असलं तर एक पान. उरलेल्या प्रत्येक पत्रीच्या वेळी गुरुजी किंवा पुस्तक जे नाव घेतं ते पूर्ण घ्यायचं, आणि पानाऐवजी अक्षता वाहायच्या. मंत्र गाळायचा नाही. अक्षतांसाठी कुठलाही तांदूळ चालतो, फक्त दाणे अख्खे हवेत. तुकडा निवडून काढा. पाकिटातला बासमती लांब असल्याने वाहतुकीत मोडतो, म्हणून निवडायला थोडा वेळ ठेवा.

दूर्वांचा गैरसमज मात्र उलट आहे: "त्या भारताबाहेर उगवतच नाहीत." दूर्वा म्हणजे 'बर्म्युडा ग्रास'. टेक्सास, फ्लोरिडा, सिडनीत लोक तिची हिरवळ लावतात, आणि आपली माणसं त्याच हिरवळीवर उभी राहून वाळक्या दूर्वा मागवतात. खोड जमिनीवर सरपटतं, पेरापेराला मुळं फुटतात, आणि तुरा एकाच बिंदूतून बोटांसारखा तीन ते सहा काड्यांत उघडतो. तणनाशक मारलेली हिरवळ टाळा. ब्रॅम्प्टनच्या थंडीत ती टिकत नाही, तिथे पुन्हा अक्षता.

बेल सामानातून नेऊ नका. तो लिंबाच्या कुळातला आहे आणि या कुळाच्या पानांवरून लिंबूवर्गीय बागांचे रोग-किडी पसरतात, म्हणून अमेरिकेत ही ताजी पानं अडवतात. न्यूझीलंडमध्ये पानं-बिया जाहीर न केल्यास जागेवर 400 डॉलर दंड आहे. परदेशात आधीच मिळालेली बेलाची पानं धुऊन पुन्हा वाहता येतात.

"प्लास्टिकची फुलं चालतात"? ती फुलंच नाहीत, तर फुलांचा प्रतिनिधी कशी होतील? "जास्वंदच लाल हवी"? लाल गुलाब वाहा. "कलशाखाली गहूच हवेत"? तांदूळ ठेवा.

एक गोष्ट मात्र खरोखर जपायची आहे. देवदाराच्या नावाखाली शेजाऱ्याच्या कुंपणाची कुठलीही सुईपानी डहाळी तोडू नका. देवदाराच्या सुया आखूड फांद्यांवर झुपक्याने येतात. कुंपणाला लावतात त्या 'यू' झाडाची पानं चपटी, एकेकटी, दोन्ही बाजूंना ओळीने असतात, आणि ती विषारी आहेत. यादीतली कण्हेर, धोत्रा आणि रुईही विषारीच. घरात लहान मूल किंवा कुत्रं-मांजर असेल तर देवदारासह या चार नावांना सरळ अक्षता वाहा.