चेक बाउन्स झाला, चॅट लांबत चाललं: त्याची पक्की पण सभ्य नोटीस कशी लिहायची?

आज एकच चेक घेऊन बसूया. 36 हजारांचा.

आपल्या बॅचमधल्या एक ताई मिरजेत शिवणकामाचं छोटं युनिट चालवतात. नाव देत नाही, त्यांच्या परवानगीनेच प्रकरण सांगतोय. कोल्हापूरच्या एका केटररला त्यांनी 130 एप्रन शिवून दिले, 350 रुपये नग. बिल 45,500 रुपयांचं. त्यातले 9,500 आधी ॲडव्हान्स मिळाले आणि उरलेल्या 36,000 चा चेक आला, 5 जानेवारी 2026 तारखेचा. ताईंनी 7 तारखेला तो बँकेत भरला आणि 8 तारखेला परत आला. बँकेने सोबत मेमो दिला, कारण लिहिलेलं: खात्यात पुरेशी रक्कम नाही. वर ताईंच्याच खात्यातून 354 रुपये चार्जेस कापले. म्हणजे माल गेला, पैसे नाहीत, आणि दंड आपल्यालाच!

मग सुरू झालं चॅट. थोडं छाटून देतो:

ताई: दादा, चेक परत आला.
केटरर: अरेच्चा! बघतो ताई, बँकेत काहीतरी घोळ झाला असेल.
ताई (चार दिवसांनी): दादा, काय झालं मग?
केटरर: सोमवारी टाकतो, नक्की.
ताई (बुधवारी): सोमवार गेला दादा.
केटरर: पार्टीचं पेमेंट अडकलंय. आलं की पहिलं तुमचंच.
ताई: एकूण 38 हजार झालेत हो. घरी पण अडचण आहे.
केटरर: हो ताई, देणारच आहे. पळून थोडीच चाललोय.
ताई: आता मी पोलिसात जाणार आणि सगळ्या ग्रुपवर तुमचं नाव टाकणार.
केटरर: असं बोलू नका ताई, आपले संबंध आहेत.

28 जानेवारीला ताई हे चॅट घेऊन माझ्याकडे आल्या. "सर, अजून किती दिवस वाट बघू?" मी मोबाईल बाजूला ठेवला आणि म्हटलं, "आधी बँकेचा मेमो दाखवा." कारण घड्याळ चॅटमध्ये नसतं, मेमोवर असतं.

चेक बाउन्सचं कलम म्हणजे परक्राम्य संलेख अधिनियम, 1881 चं कलम 138. त्यात असं आहे, की चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाली की 30 दिवसांच्या आत तुम्ही समोरच्याला लेखी नोटीस देऊन पैसे मागायचे. नोटीस मिळाल्यापासून त्याला 15 दिवस असतात. त्या 15 दिवसांत पैसे आले नाहीत तरच पुढच्या एका महिन्यात न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात तक्रार करता येते. ताईंना मेमो 8 जानेवारीला मिळाला, म्हणजे तिसावा दिवस 7 फेब्रुवारी. "सोमवारी टाकतो", "पार्टीचं पेमेंट" यात वीस दिवस गेलेच होते. केटरर मुद्दाम वेळ काढत होता असं मी म्हणत नाही. पण वेळ जात होता, हे खरं.

समजा ताई 10 फेब्रुवारीला आल्या असत्या तर? तरी सगळं संपलं नसतं. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिने चालतो. तेवढ्या काळात तो पुन्हा बँकेत भरता येतो, आणि पुन्हा परत आला तर नव्या मेमोपासून नवे 30 दिवस मिळतात. पण ते तीन महिने उलटले असते तर तोही रस्ता बंद. मग राहतो तो वसुलीचा दिवाणी दावा, आणि तो लांबतो.

आता चॅटमधून काय उचलायचं आणि काय टाकून द्यायचं? ताईंचा पहिला प्रश्न होता, "सगळं डिलीट करू का? मी रागात काहीबाही बोलले." अजिबात नाही! "हो ताई, देणारच आहे" हे वाक्य सोन्यासारखं आहे. देणं आहे हे त्याने स्वतःच मान्य केलंय. चॅट जसंच्या तसं मोबाईलमध्ये ठेवा, फोन बदलला तरी जपा. पण नोटिशीत पोलिसांची आणि ग्रुपची धमकी येता कामा नये. या कलमाखाली तक्रार थेट कोर्टात जाते, त्यामुळे पोलिसांचं नाव घेऊन समोरचा घाबरत नाही, उलट त्याला कळतं की आपल्याला नियम माहीत नाही. आणि ग्रुपवर बदनामी केली तर उलटी तक्रार तुमच्यावरच येऊ शकते. घरची अडचणही लिहायची नाही. ती खरी आहे, पण पैसे अडचणीमुळे मागत नाही आहोत, माल दिला म्हणून मागतोय.

यापेक्षा मोठी चूक वेगळीच होती, आणि ती बहुतेक जण करतात. चॅटमध्ये ताई म्हणाल्या "एकूण 38 हजार". मी विचारलं, चेक 36 चा आणि मागणी 38 ची, कशी? तर मधल्या काळात केटररने आणखी पाच एप्रन नेले होते, त्याचे 1,750. शिवाय बँकेचे 354. बेरीज 38,104. हिशोब बरोबर आहे, पण नोटिशीत "मला 38,104 रुपये द्या" एवढंच लिहिलं असतं तर नोटीस गेली असती वाया. या कलमाखाली मागणी चेकच्याच रकमेची लागते. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात पुन्हा हेच सांगितलं: चेक एका रकमेचा आणि नोटिशीत मागणी दुसऱ्याच रकमेची, "टायपिंगची चूक झाली" हेही ऐकून घेतलं नाही. बँक चार्जेस मागायचे असतील तर वेगळ्या ओळीत, वेगळे म्हणून मागा. आणि त्या पाच एप्रनचा या चेकशी संबंधच नाही. त्याचं वेगळं बिल.

दुसरी अडचण तारखेची. ताईंना लिहायचं होतं, "10 फेब्रुवारीपर्यंत पैसे द्या." ऐकायला पक्कं वाटतं. पण नोटीस पोस्टाने 2 फेब्रुवारीला पोचली तर 10 तारखेपर्यंत आठच दिवस होतात, आणि कायदा 15 देतो. म्हणून मुदत "नोटीस मिळाल्यापासून 15 दिवस" अशीच लिहायची.

मग आम्ही दोघांनी बसून हे लिहिलं:

*दिनांक: 30 जानेवारी 2026*

*प्रति, (चेकवर खातेदाराचं नाव आहे तसंच, पूर्ण पत्त्यासह)*

*विषय: धनादेश न वटता परत आल्याबाबत रु. 36,000 ची मागणी*

*महोदय,*

*आपल्या मागणीनुसार मी 130 एप्रन पुरवले. बिलाची रक्कम रु. 45,500 होती. आपण आगाऊ दिलेले रु. 9,500 वजा जाता उरलेल्या रकमेपोटी आपण दि. 5 जानेवारी 2026 चा रु. 36,000 (छत्तीस हजार फक्त) चा धनादेश क्र. ______ , ______ बँक, मला दिला.*

*हा धनादेश मी दि. 7 जानेवारी रोजी माझ्या बँकेत भरला. "खात्यात पुरेशी रक्कम नाही" या कारणाने तो परत आल्याचा मेमो मला दि. 8 जानेवारी 2026 रोजी मिळाला. त्यानंतर आपण संदेशांद्वारे रक्कम देण्याचे मान्य केले, परंतु ती अद्याप मिळालेली नाही.*

*तरी ही नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांच्या आत धनादेशाची रक्कम रु. 36,000 अदा करावी, ही विनंती व मागणी. रक्कम आपण माझ्या खाली दिलेल्या खात्यात एकरकमी जमा करू शकता, किंवा याच 15 दिवसांच्या आत दोन भागांत देऊ शकता. मालाबद्दल काही तक्रार असल्यास तीही याच मुदतीत लेखी कळवावी.*

*याशिवाय, बँकेने माझ्याकडून घेतलेले परतावा शुल्क रु. 354 स्वतंत्रपणे द्यावे.*

*मुदतीत पूर्ण रक्कम न मिळाल्यास परक्राम्य संलेख अधिनियम, 1881 च्या कलम 138 नुसार पुढील कार्यवाही करावी लागेल. ती वेळ येणार नाही अशी अपेक्षा आहे.*

*आपली, (सही, नाव, पत्ता, बँक खात्याचा तपशील)*

एकदा मोठ्याने वाचून बघा. कुठेही आवाज चढलेला नाही, तरी पळवाटही ठेवलेली नाही. "दोन भागांत" ही सवलत दिलीय, पण मुदतीच्या आतच. ताई म्हणत होत्या, मार्चपर्यंत हप्ते देऊया का, बिचारा अडचणीत असेल. द्यायचे तर द्या, तुमचं नातं तुम्हाला माहीत. पण ते नोटिशीत घालू नका, मागणी ढिली पडते. पुढचे हप्ते ठरलेच तर वेगळ्या कागदावर, दोघांच्या सह्यांनी. आणि तसा करार करण्याआधी वकिलाला विचारा, कारण तक्रारीची मुदत त्याने आपोआप थांबत नाही.

नोटीस वकिलानेच पाठवली पाहिजे असं नाही, चेक ज्याच्या नावाचा तो स्वतः देऊ शकतो. ठरावीक नमुनाही नाही, फक्त लेखी हवी. तरी आम्ही ती एका वकिलांना दाखवून घेतली, कारण कोर्टात जायची वेळ आली तर काम त्यांचंच आहे. चेक कंपनीचा असेल तर कोणाकोणाच्या नावाने नोटीस काढायची हेही त्यांनाच विचारा.

पाठवताना स्पीड पोस्टाने, पोचल्याचा पुरावा मिळेल अशी. जुन्या सवयीने रजिस्टर पोस्ट मागू नका, ते आता स्पीड पोस्टातच विलीन झालंय. नोटिशीची प्रत, पोस्टाची पावती, मूळ चेक आणि बँकेचा मेमो एकाच फाइलमध्ये. पाकीट "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत आलं तर फोडू नका, तसंच ठेवा. पत्ता बरोबर असेल तर नाकारलेली नोटीसही मिळाली असंच साधारणपणे धरलं जातं.

पोस्ट केल्यावर ताईंनी त्याच चॅटवर एकच मेसेज टाकला: "दादा, धनादेशाबाबत लेखी नोटीस आज स्पीड पोस्टाने पाठवली आहे. प्रत सोबत जोडली आहे." पुढे काही नाही. त्याचा लगेच फोन आला, तो त्यांनी घेतला, शांतपणे ऐकला आणि म्हणाल्या, "दादा, सगळं त्यात लिहिलंय."

नोटीस 2 फेब्रुवारीला पोचली, म्हणजे मुदत 17 पर्यंत. 9 तारखेला 18,000 आले. ताईंनी पावती दिली, त्यावर "धनादेश क्र. ______ पोटी भाग रक्कम, बाकी रु. 18,000" असं लिहून. त्याने लगेच चेक परत मागितला, तो त्यांनी दिला नाही. 16 तारखेला उरलेले 18,000 आणि 354 एकदम आले, तेव्हा चेकची झेरॉक्स ठेवून मूळ चेक परत केला.

पाच एप्रनचे 1,750 मात्र अजून बाकी आहेत. त्याचं बिल वेगळं गेलंय, आणि या वेळी चेक नको, यूपीआयच, असं ताईंनी बिलावरच छापून घेतलंय.