‘सर, हे करून द्या’ : टार्टारिक अम्लाच्या एका आकृतीचा खुलासा

नाशिकच्या कॉलेज रोडवर आणि त्याच्या आसपासच्या गल्ल्यांत रसायनशास्त्राच्या शिकवण्या घेणाऱ्या अध्यापकांना परीक्षेच्या हंगामात रात्री उशिरापर्यंत जे निरोप येत राहतात, त्यांतील पुष्कळशांत मजकूर असा काही नसतोच. वहीच्या पानावर पेन्सिलीने रेखाटलेल्या एखाद्या आकृतीचे छायाचित्र आणि त्याखाली ‘सर, हे करून द्या’ एवढे चार शब्द, इतकाच काय तो ऐवज. आकृती एकदा पाठवली की प्रश्न आपोआप पोहोचला, असे पाठविणाऱ्याला प्रामाणिकपणे वाटत असते, आणि या विषयातील सगळ्या गैरसमजांचे मूळ तेथेच आहे. त्याचा उलगडा करण्यासाठी एकच आकृती घेऊ. समजा, निफाडच्या एका विद्यार्थ्याने बारावीच्या तयारीत पुढील आकृती पाठवली आहे.

```
      COOH
       |
  H ---+--- OH
       |
 HO ---+--- H
       |
      COOH
```

ही टार्टारिक अम्लाची फिशर पद्धतीची आकृती आहे, आणि योगायोग असा की चिंचेला व द्राक्षाला आंबटपणा देणारे, निफाड-दिंडोरीच्या बागांतील प्रत्येक मण्यात असणारे नैसर्गिक अम्ल नेमके हेच आहे. नाशिकच्या वाइनच्या टाक्या थंड केल्या असता त्यांच्या तळाशी व भिंतींवर जे स्फटिक साचतात, ते याच अम्लाच्या पोटॅशियम लवणाचे असतात.

आकृतीतच प्रश्न असतो, हा पहिला गैरसमज. वस्तुतः या आकृतीवर निदान तीन निरनिराळे प्रश्न बसू शकतात: दोन्ही मधल्या कार्बनांचा विन्यास R की S हे ठरवा; या रेणूचे एकूण किती समघटक संभवतात ते सांगा; किंवा हा पदार्थ ध्रुवित प्रकाशाची पातळी वळवील की नाही याचा निर्णय द्या. यांपैकी कोणता अभिप्रेत आहे हे ओळखण्यासाठी अनुभवी अध्यापक आकृतीच्या मध्यापेक्षा तिच्या कडांकडे अधिक लक्ष देतात. कार्बनांच्या शेजारी क्रमांक घातलेले असतील तर नाव हवे असण्याचा संभव अधिक. शेजारी दुसरी तशीच आकृती अर्धवट कापली गेलेली दिसली तर दोहोंमधील संबंध विचारलेला असतो. बाण आणि त्यावर एखादे अभिकारक असेल तर प्रश्न निराळाच, तो अभिक्रियेचा. खुणा काहीच नसतील तर सर्वांत संभाव्य प्रश्न गृहीत धरून उत्तर द्यावे आणि ते गृहीतक पहिल्याच ओळीत लिहावे, हा शिरस्ता चांगला. नुसतेच ‘प्रश्न काय?’ असे उलट विचारून विद्यार्थ्याला रात्रभर ताटकळत ठेवणे मला तरी पसंत नाही.

छायाचित्र आडवे आले काय नि उभे आले काय, रेणू तोच, हा दुसरा गैरसमज, आणि सर्वांत घातक. साध्या नागमोडी रेषांच्या आकृतीच्या बाबतीत ते खरे आहे. पण फिशर आकृतीत उभ्या रेषा कागदाच्या मागे जाणारे बंध दाखवितात आणि आडव्या रेषा आपल्याकडे पुढे येणारे, असा संकेत ठरलेला असल्यामुळे, फोनने चित्र नव्वद अंशांनी वळवले की मागचे बंध पुढे आल्यासारखे वाचले जातात, दोन्ही कार्बनांचा विन्यास उलटतो, आणि द्राक्षातील अम्लाच्या जागी त्याचे आरशातील प्रतिबिंब हाती येते. एकशेऐंशी अंशांनी, म्हणजे पूर्ण उलटे, वळवले तर मात्र काहीही बिघडत नाही. नव्वद अंशांचा घोटाळा ओळखणे सोपे आहे, कारण अक्षरे लोळलेली दिसतात. खरा चकवा काही फोनांच्या पुढच्या कॅमेऱ्याचा, जो चित्र आरशातल्यासारखे उलटवून जतन करतो: O आणि H ही दोन्ही अक्षरे आरशात जशीच्या तशी दिसत असल्यामुळे डावीकडचे HO उजवीकडे OH होऊन अगदी निर्दोष भासते, आणि COOH मधील C चे तोंड विरुद्ध दिशेला वळलेले आहे, एवढाच एक पुरावा उरतो.

भौतिकशास्त्राच्या आकृत्यांत हाच दोष निराळ्या रूपाने येतो. तेथे चित्र प्रमाणबद्ध आहे असे समजून पाहणारा कोन डोळ्यांनी मोजू लागतो. उतरणीवर 2 किलोग्रॅमचा ठोकळा आणि शेजारी 30° एवढेच लिहिले असेल, तर तो कोन जमिनीशी असल्यास उतरणीच्या दिशेने गुरुत्वाचा घटक 9.8 न्यूटन येतो, आणि उभ्या भिंतीशी असल्यास सुमारे 17 न्यूटन. हाताने काढलेली उतरण कितीही तिरकी दिसो, ती साक्ष ग्राह्य नाही. कोनाचा कंस कोणत्या दोन रेषांना स्पर्श करतो, तेवढेच पाहावयाचे.

आता मूळ आकृती सरळ आहे असे धरून ती सोडवू. वरच्या मधल्या कार्बनाला चार गट जोडलेले आहेत. अग्रक्रमाने पहिला OH, दुसरा COOH, कारण त्यातील कार्बनाला तीन ऑक्सिजन जोडल्याचे हिशेबात धरतात, तिसरा खालचा कार्बन, आणि शेवटचा H. उजवीकडच्या OH पासून वरच्या COOH कडे व तेथून खाली जाताना आपण घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. परंतु H आडव्या रेषेवर, म्हणजे आपल्या बाजूला, असल्यामुळे निकाल फिरवावा लागतो आणि विन्यास R ठरतो. खालच्या कार्बनाची तीच रीत, तोच निकाल; म्हणून हा रेणू (2R,3R).

येथे घाईने उत्तर लिहिणारे दोन ठिकाणी घसरतात. दोन असममित कार्बन, म्हणून दोनाचा वर्ग, म्हणजे चार समघटक, हे सूत्र येथे लागू पडत नाही. रेणूची दोन्ही टोके सारखी असल्यामुळे (2R,3S) आणि (2S,3R) हे एकच ठरतात, त्याला मेसो म्हणतात, आणि एकूण संख्या तीन होते. फिशर आकृतीत मेसो ओळखण्यासाठी दोन्ही OH एकाच बाजूला आहेत का ते पाहावे; आपल्या आकृतीत ते विरुद्ध बाजूंना आहेत. चौथा म्हणून ज्याचा पुष्कळदा उल्लेख होतो, ते रेसिमिक अम्ल म्हणजे (2R,3R) व (2S,3S) या दोन प्रतिबिंबरूपांचा समभाग संयोग. 1848 साली लुई पाश्चरने त्याच्या लवणाचे डाव्या-उजव्या घडणीचे स्फटिक चिमट्याने एकेक वेचून अलग केले होते.

दुसरी घसरण म्हणजे R वरून हा पदार्थ प्रकाश उजवीकडे वळवतो असे सांगून टाकणे. (2R,3R) टार्टारिक अम्ल तो उजवीकडे वळवते खरे, पण स्नायूंत तयार होणारे लॅक्टिक अम्ल S असूनही उजवीकडेच वळवते. वळण्याची दिशा प्रयोगशाळेत ध्रुवणमापीने मोजावी लागते. आकृतीतून ती निघत नाही. इतकेच नव्हे, तर आकृतीतील उजवा OH प्रत्यक्ष रेणूतही त्याच बाजूचा आहे, हे एमिल फिशरला ठाऊक नव्हते. त्याने 1891 साली दोन पर्यायांपैकी एक निव्वळ सोयीसाठी निवडला, आणि त्याची निवड बरोबर होती हे बायफूट व त्याच्या सहकाऱ्यांनी 1951 साली याच अम्लाच्या सोडियम-रुबिडियम लवणावर क्ष-किरणांचे प्रयोग करून दाखवले.

तेव्हा निफाडच्या विद्यार्थ्याला धाडावयाचे उत्तर साधारण असे असावे: ‘फोटो सरळ काढला आहे आणि प्रश्न विन्यासाचा आहे असे धरतो. दोन्ही कार्बन R, म्हणून (2R,3R) टार्टारिक अम्ल. हे प्रकाशक्रियाशील आहे, मेसो नव्हे. समघटकांची संख्या विचारली असेल तर तीन. वरच्या कार्बनाचा OH तुझ्या वहीत कोणत्या बाजूला आहे, तेवढे पाहून कळव.’